फ्लू, लस आणि पायांतलं बळ

‘लस घेतली होती का हो तुम्ही?’ मला जीबीएस झाला होता हे कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. नाही, लस घेतलेली नव्हती. मला फ्लू झाला होता. पावसाळ्यात घरात आधी मुलीला ताप आला, मग मला. घशाच्या स्वॅबमध्ये एच3एन2 निघाला. चार-पाच दिवसांत ताप उतरला, खोकला रेंगाळला, मी ऑफिसला जाऊ लागले. दुखणं संपलं असं घरातल्या सगळ्यांनाच वाटलं.

साधारण दोन आठवड्यांनी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग रात्री असा ठणकायचा की कूस बदलवत नव्हती. मग एका सकाळी चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मला कळलंच नाही. जिना चढताना कठड्याला धरून अंग वर ओढावं लागलं. दुसऱ्या दिवशी ब्लाउजचे हूक लागेनात आणि कुकरच्या झाकणाची पकड बसेना. जवळच्या डॉक्टरांनी तापानंतरचा अशक्तपणा म्हणून बी12चं इंजेक्शन दिलं. पण बी12च्या कमतरतेनं येणाऱ्या मुंग्या आठवडे-महिने घेऊन वाढतात. माझ्या पायांतलं बळ रोज सकाळी कालच्यापेक्षा कमी होत होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी सारखंच, खालून वर. हा वेग आणि ही दिशा ओळखता यावी, एवढ्याचसाठी मी हे सविस्तर लिहिते आहे. तापानंतरच्या साध्या थकव्यात माणूस दमतो, पण टाचांवर चालता येतं, उकिडवं बसून उठता येतं. मला दोन्ही जमत नव्हतं.

मोठ्या रुग्णालयात न्यूरोलॉजिस्टनी गुडघ्याच्या वाटीखाली छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. घोट्यापाशीही काही नाही. त्यांनी मला लगेच विचारलं, ‘गेल्या सहा आठवड्यांत ताप, सर्दी, जुलाब, लस, यातलं काही?’ हा प्रश्न सगळ्यांना का विचारतात हे मला नंतर समजलं. जीबीएस म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम. 1916मध्ये गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचं वर्णन केलं. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या जंतूशी लढायला उठते आणि तिच्या हल्ल्यात आपल्याच हातापायांच्या नसा सापडतात. बहुतेकांमध्ये वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं असलेलं नसेवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. दर तीन रुग्णांपैकी साधारण दोघांना आधीच्या काही आठवड्यांत जुलाब किंवा श्वसनाचा संसर्ग झालेला असतो. सर्वांत मोठा दोषी कॅम्पिलोबॅक्टर हा पोटातला जिवाणू. 2025च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाणी आणि हाच जिवाणू चर्चेत होता. फ्लू हे त्या मानानं कमी आढळणारं कारण, पण खरं कारण.

रुग्णालयात पहिल्या रात्री मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली तपासणी अगदी साधी होती. खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोठ्यानं मोजत जायचं. निरोगी माणूस सहज तिसाच्या आसपास किंवा पुढे जातो. माझे आकडे दर काही तासांनी घसरत होते. विसाच्या आत आले तेव्हा मला आयसीयूत हलवलं. बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र तेव्हाही 98 दाखवत होतं! आमचे हे त्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘अहो डॉक्टर, ऑक्सिजन तर उत्तम आहे.’ डॉक्टर म्हणाले, ‘या आजारात तो आकडा शेवटी पडतो. तोवर उशीर झालेला असतो.’ श्वासाचे स्नायू दमत जातात, माणूस कसाबसा भागवून नेतो आणि मग अचानक कोसळतो. साधारण चारपाच रुग्णांत एकाला व्हेंटिलेटर लागतो. माझं त्यावाचून निभावलं. म्हणून माझं सांगणं असं, की असा संशय आला तर ‘उद्या बघू’ म्हणून घरी परतू नका, आणि जिथे आयसीयू व व्हेंटिलेटर आहे अशाच ठिकाणी जा. गिळताना ठसका लागणं, आवाज बारीक होणं, उशीवरून मान उचलता न येणं ही तिथं धावत जाण्याची लक्षणं आहेत.

पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं, नसांतून विजेचा निरोप किती वेगानं जातो ते मोजलं. पहिल्या आठवड्यात या दोन्ही तपासण्या साफ येऊ शकतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं धरून बसायचं नसतं. उपचार दोनच, आणि दोन्ही सारखेच परिणामकारक: रक्तातला प्लाझ्मा बदलणं किंवा शिरेतून प्रतिपिंडं देणं, म्हणजे आयव्हीआयजी. मला आयव्हीआयजी दिलं. वजनाच्या दर किलोला रोज 0.4 ग्रॅम, असं पाच दिवस. माझं वजन 60 किलो, म्हणजे रोज 24 ग्रॅम आणि एकूण 120 ग्रॅम. ही औषधं महाग आहेत, त्यामुळे सरकारी योजनेतून काय मिळतं हे दाखल होतानाच विचारून घ्यावं. उपचार लक्षणं सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले तर उपयोग जास्त. स्टेरॉइडचा यात फायदा होत नाही, हेही लक्षात असू द्या. कारण नसांची सूज म्हटलं की कुणीतरी तेच सुचवतं. औषध सुरू होताच माणूस चालायला लागतो असंही नाही. आजार साधारण दोन ते चार आठवडे वाढतो, मग थांबतो, मग उतरणीला लागतो. सहा महिन्यांनी दहापैकी आठ जण आधाराशिवाय चालतात. काहींना थकवा किंवा पावलांतला अशक्तपणा पुढेही राहतो, आणि चांगले उपचार मिळूनही काही थोडे रुग्ण दगावतात. दुखणं बहुतेकांचं तात्पुरतं असतं, पण हलकं नसतं.

आता लशीचा प्रश्न. ही भीती हवेतून आलेली नाही. 1976मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लू सापडला आणि साथीच्या धास्तीनं साडेचार कोटींच्या आसपास लोकांना घाईनं लस टोचली. त्यानंतर जीबीएसचे रुग्ण वाढलेले दिसले, दर एक लाख लसवंतांमागे सुमारे एक जास्तीचा. साथ आलीच नाही, त्यामुळे लशीच्या बाजूनं तराजूत घालायला काही उरलं नाही, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. तेव्हापासून प्रत्येक फ्लूच्या लशीवर या एका गोष्टीसाठी नजर ठेवली जाते. 2009च्या एच1एन1च्या लशीनंतर अमेरिकेत जास्तीचे रुग्ण दिसले ते दर दहा लाखांमागे एक ते दोन. म्हणजे 1976च्या तुलनेत साधारण पाच ते दहा पटींनी कमी. दरवर्षीच्या लशीतही काही अभ्यासांत धोका दिसला, काहींत दिसलाच नाही. दिसला तिथे तो याच आसपास होता.

मला सर्वांत उपयोगी पडला तो कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचा, 2013मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास, कारण त्यात लस आणि आजार दोन्ही एकाच मापानं मोजले होते. लशीमुळे दर दहा लाख लसवंतांमागे सुमारे एक जीबीएस. फ्लूसाठी डॉक्टरकडे जावं लागलेल्या दर दहा लाख रुग्णांमागे सुमारे सतरा. हा आकडा वाचून ‘सतरा पट’ असं पटकन म्हणावंसं वाटतं, पण प्रामाणिकपणे हिशेब पूर्ण करायला हवा. लस सगळे घेतात, फ्लू मात्र दरवर्षी सगळ्यांना होत नाही, आणि लस प्रत्येक फ्लू अडवत नाही. समजा दहा लाख लोकांपैकी एका वर्षात एक लाखांना डॉक्टरकडे जाण्याइतका फ्लू झाला. त्यातून जीबीएसचे दीड-पावणेदोन रुग्ण होतील. लशीनं निम्मा फ्लू टाळला तर त्यातला जेमतेम एक वाचेल. आणि लशीमुळे एक वाढेल. म्हणजे नुसत्या जीबीएसपुरतं पाहिलं तर साध्या वर्षी हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, साथीच्या वर्षी लशीच्या बाजूला झुकतो. पण त्या निम्म्या फ्लूबरोबर जे न्यूमोनिया टळतात, मधुमेही आणि हृदयरोगी माणसांना रुग्णालयात जावं लागायचं वाचतं, ते या हिशेबात अजून धरलेलंच नाही. लस घेण्याचं खरं कारण ते आहे. जीबीएसची भीती ती न घेण्याचं कारण होऊ शकत नाही, एवढंच हे आकडे सांगतात.

आणखी एक बाब सहसा कुणी बोलत नाही. जीबीएस लस किंवा फ्लू नसतानाही वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतोच. म्हणजे दहा लाखांना कुठलीही लस टोचा, किंवा नुसतं पाणी टोचा, पुढच्या सहा आठवड्यांत त्यांच्यातल्या एक-दोघांना तो होणारच होता. त्या घरातल्या माणसांना मात्र लसच दिसणार, आणि त्यांचं दुःख खरं असतं. म्हणून एका घरच्या अनुभवावरून, माझ्याही, निष्कर्ष काढू नये.

मी स्वतः काय केलं ते सांगते. माझा आजार लशीनंतर आलेला नव्हता, त्यामुळे लस मला कायमची वर्ज्य नाही, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. पूर्ण सावरेपर्यंत थांबले आणि मग पावसाळ्याच्या आधी लस घेतली. दंड दुखला, एक रात्र कणकण वाटली, बाकी काही नाही. ज्यांना पूर्वी फ्लूची लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला होता, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सहसा पुन्हा ती लस घेऊ नये. पण त्यांचं हृदय किंवा फुप्फुस इतकं नाजूक असेल की फ्लूच जिवावर बेतेल, तर डॉक्टरशी बसून दोन्ही बाजू मोजाव्यात. अशा माणसाच्या घरातल्या इतरांनी मात्र लस जरूर घ्यावी. फ्लू घरात शिरतो तो बहुतेकदा त्यांच्यामार्फतच.

लस घेतल्यावर दंड दुखणं, अंग कणकणणं एक-दोन दिवसांत जातं, त्याची काळजी नको. पण लस घ्या किंवा फ्लू होऊन जाऊ द्या, त्यानंतरच्या सहा आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येऊन बळ कमी होऊ लागलं, चेहरा लुळा पडला किंवा डोळ्यांना दोन-दोन दिसू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि ताप कधी आला, लस कधी आणि कोणती घेतली, हे लिहून न्या. लशीनंतरचा आजार असेल तर त्याची नोंद सरकारकडे करायला डॉक्टरांना सांगा. जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांमार्फत ती होते, आणि लस खासगी दवाखान्यात घेतली असली तरी होते. 1976चा धोका लक्षात आला तो डॉक्टरांनी अशाच नोंदी पाठवल्या म्हणून.