*विक्रेत्याची फाईल आली, नोंद कशी करायची?*


खत खाडीपलीकडून किंवा उत्तन मार्गे एकदा गोराईत उतरलं की परत पाठवायचं भाडं आपल्याच माथी. म्हणून ऑर्डरच्या आधी कागद वाचायचे. खरेदी समितीने हा मेसेज जपून ठेवावा.

समजा, एका खत दुकानदाराने पाच कागद दिले: जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, खत विक्री परवाना, उगम प्रमाणपत्र (फॉर्म ओ) आणि रद्द केलेला चेक.

*१) नंबर*
जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. नमुना बघा:
```
27AAAPA0000A1Z5
```
पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. ती पॅन कार्डाशी एकेक करून जुळवा. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. त्यामुळे मधल्या चार जागांवर O दिसला तर तो शून्यच समजा. फोटो अंधुक असला की इथेच चूक होते.

पॅनचं चौथं अक्षर P असेल तर ते माणसाचं, F असेल तर भागीदारी फर्मचं. आपल्या उदाहरणात जीएसटीत P आहे, पण चेकवर "आणि कंपनी" असं नाव आहे. म्हणजे बिल एकाचं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची शक्यता आहे. खुलासा लेखी येईपर्यंत पेमेंट थांबवा.

*२) तारीख*
कागदावर दिल्याची तारीख वेगळी आणि मुदत वेगळी. नेहमीच्या व्यापाऱ्याच्या जीएसटी प्रमाणपत्रावर मुदतीची शेवटची तारीख नसते. तिथे दिल्याची तारीख भरू नका, "लागू नाही" लिहा. नोंदणी चालू आहे का, ते जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघा. Active असायला हवं. Suspended किंवा Cancelled दिसलं तर थांबा. बघितलं त्या दिवसाची तारीख यादीत टाका.

*३) प्रमाणपत्र*
परवाना चालू आहे एवढ्यावर भागत नाही. उगम प्रमाणपत्र म्हणजे दुकानदाराला माल कुठून येतो त्याचा कागद. आपण मागवलेलं खत आणि त्याचा उत्पादक त्यात आहे का बघा. आपल्या दुकानदाराच्या कागदात युरिया आणि डीएपी आहे, आपल्याला हवंय १०:२६:२६. म्हणजे या मालासाठी तो अपात्र, बाकीच्यासाठी चालेल.

*यादीतली नोंद अशी:*
जीएसटी – पॅनशी जुळला, मुदत लागू नाही, पोर्टलवर Active
खत परवाना – नंबर आणि मुदत कागदावरून
फॉर्म ओ – १०:२६:२६ नाही
बँक – नाव जुळत नाही
*निर्णय: थांबवा*

वाचता न आलेली जागा अंदाजाने भरू नका. "वाचता येत नाही" लिहा आणि मूळ कागद मागवा. रिकामी जागा उद्या दिसते, चुकीचा आकडा दिसत नाही.