अबोल्याची वर्षं लिहिताना

आईशी किंवा वडिलांशी अनेक वर्षं संबंध नाहीत आणि त्याविषयी लिहायला घेतलं, की बहुतेकांचा निकाल पहिल्या पानावरच लागून जातो. वडील क्रूर ठरतात, नाहीतर लिहिणारा स्वतःला कृतघ्न ठरवून मोकळा होतो. याला राग जबाबदार आहे असं आपण समजतो, पण मला तसं वाटत नाही. संबंध तुटले की माहितीही तुटते. त्या काळात समोरचं माणूस म्हातारं झालं, आजारी पडलं, कदाचित बदललं, कदाचित तसंच राहिलं. आपल्याला त्यातलं काही दिसलेलं नसतं. ही रिकामी जागा सोसवत नाही म्हणून लिहिणारा ती जुन्या आठवणींनी आणि तर्कांनी भरून काढतो, आणि लेखन फसतं ते इथेच. म्हणून असं लिहू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की प्रत्येक वाक्य कुठून आलं ते आधी तपासा. हे मी पाहिलं, हे मला कुणी सांगितलं, की हा माझा अंदाज आहे?

याचा उत्तम धडा नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. नारायण वामन टिळकांचं वडिलांशी कधी पटलं नाही. आई गेल्यावर लहान वयातच घर सोडून ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे शिकले. लक्ष्मीबाईंचं त्यांच्याशी लग्न झालं 1880 मध्ये, म्हणजे सासूबाई वारल्यावर काही वर्षांनी. त्या घरात बापलेकांमध्ये जे मोडलं, ते मोडताना लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. त्यांना त्यातलं जे ठाऊक होतं ते ऐकलेलं होतं. सासऱ्यांच्या कडक वागण्याचा ताप मात्र त्यांनी सून म्हणून स्वतः सोसला. सासरा एकच, पण त्याच्याविषयीचं हे ज्ञान दोन तऱ्हांचं आहे. नवऱ्याच्या तोंडून आलेला बाप आणि स्वतः अनुभवलेला सासरा यांना एकाच रंगात रंगवलं, तर वाचकाला त्यांतला फरक कळायला वाव राहत नाही. पुस्तकाचे भाग 1934 पासून निघाले, तेव्हा या गोष्टींना पन्नासएक वर्षं लोटली होती. इतक्या काळानंतर माणूस सहज न्यायाधीश होऊन बसतो.

आपल्या मजकुरातही पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाजाचं असं वेगळं करून पाहावं. ‘मी पाठवलेलं पत्र परत आलं’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘त्यांना माझं तोंड पाहायचं नव्हतं’ हा तर्क आहे. तो खरा असेलही, पण पत्ता बदलला म्हणूनही पत्र परत येतं. तर्क खोडून टाकायची गरज नाही. तो तर्क म्हणूनच लिहावा आणि तो कधी केला तेही सांगावं, कारण विशीत केलेला तर्क चाळिशीत तसाच उरत नाही. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द आले, की बहुधा एखादा ठरावीक प्रसंग सांगायचा राहिलेला असतो. तो शोधावा. आजकाल आईवडिलांना मानसशास्त्रातली नावं चिकटवली जातात, तीही टाळावीत. वर्षानुवर्षं न भेटलेल्या माणसाचं निदान डॉक्टरही करणार नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निकाल द्यायचा नाही म्हणजे छळ करणाऱ्याला पाठीशी घालायचं का? मुळीच नाही. केलेलं कृत्य स्पष्ट लिहिणं आणि माणसाचा निवाडा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना 1857 च्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. हे कारण त्या सांगतात, पण घरच्यांचे हाल त्यामुळे कमी करून सांगत नाहीत. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 मध्ये आलं. मुलाला नाव द्यायला नाकारणारा पाटील बाप त्यात उघड आहे, पण लेखकाचे प्रश्न तेवढ्यावर थांबत नाहीत, ते आईपर्यंतही जातात. त्या प्रश्नांनी बापाचा दोष कणभरही हलका होत नाही.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. भावंडं म्हणतात, ‘असं काही झालंच नाही.’ थोरल्याला आठवणारे वडील आणि धाकट्याला आठवणारे वडील वेगळे असू शकतात. मधल्या वर्षांत नोकरी गेलेली असते, दारू सुटलेली किंवा लागलेली असते. तेव्हा भावाबहिणीची आठवण खोडून काढू नये आणि आपलीही मागे घेऊ नये. दोन्ही लिहाव्यात, कोणाची कुठली ते सांगून. आणि आईवडील हयात असतील, तर मजकूर छापायला देण्याआधी एक ठरवावं लागतं: त्यांनी तो वाचला आणि उत्तर दिलं, तर आपल्याला ते ऐकायचं आहे का? याचं उत्तर ‘नाही’ असू शकतं. मारहाणीच्या भीतीने घर सोडलेल्या माणसाचं ‘नाही’ पुरेसं सकारण आहे. मात्र तसं असेल, तर त्यांची बाजू आपण विचारलेली नाही, एवढं वाक्य मजकुरात असायला हवं.