उलटं पान निघालं तर: काय करावं, काय टाळावं

चिखल्यात माझ्याकडे टॅरोची पानं बघायला येणारी बहुतेक घरं मँगनीजच्या खाणीवर जगणारी. पान उलटं निघालं की समोरच्याचा चेहरा लगेच उतरतो. म्हणून वाचणाऱ्याने आधी स्वतःचं पक्कं करून ठेवावं.

करावं: उलटी पानं वाचायची की नाही, हे पिसण्याआधीच ठरवा. नव्या गड्डीत सगळी पानं सरळ असतात आणि साधी पिसली तर सरळच राहतात. वाचायची असतील तर गड्डीचे तीन ढीग करा, एक उलट्या दिशेने फिरवा आणि पुन्हा पिसा. असं चार-पाचदा करा.

टाळावं: पान खालच्या कडेने उचलून वर पलटवू नका. त्याने सरळ पान उलटं दिसतं आणि उलटं सरळ. वहीचं पान उलटतो तसं बाजूने उलटा.

करावं: अर्थाची एकच पद्धत धरा. एका काकूंनी विचारलं, "पोराचं आयटीआय झालं, नोकरी कधी लागंल?" निघालं आठ पेंटॅकल्स, उलटं. चित्रात एक कारागीर बाकावर बसून नाणी घडवतोय. वेट यांच्या १९१०च्या पुस्तकाप्रमाणे उलट्या पानाचा अर्थ विरलेली महत्त्वाकांक्षा, पोकळ दिमाख, हाव. काही जण उलटं पान म्हणजे अडलेली शक्ती मानतात: हात शिकलेत, काम मिळत नाही. काही जण ते आतल्या बाजूला वळवतात: पोराला स्वतःच्या कौशल्याचा भरवसा नाही. मी अडथळ्याचा अर्थ घेते, कारण त्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो: अर्ज कुठे कुठे केले? काकू म्हणाल्या, "एकाच जागी."

टाळावं: अर्थ आवडला नाही म्हणून मध्येच पद्धत बदलू नका. तशाने हवं ते उत्तर निघतं, पान बाजूला राहतं.

टाळावं: तीन पानांच्या मांडणीत तिन्ही उलटी आली म्हणून अपशकुन सांगू नका. गड्डी नीट मिसळली असेल तर आठ मांडण्यांत सरासरी एकदा असं होतंच.

करावं: उलटी पानं नकोच असतील तर शेजारची पानं बघा. गोल्डन डॉन मंडळातून आलेली ही रीत क्रॉलींच्या थॉथ गड्डीचे वाचक अजून वापरतात. पेंटॅकल्स पृथ्वी, स्वोर्ड्स वायू, कप्स पाणी, वाँड्स अग्नी. पृथ्वी आणि वायूचं जमत नाही, म्हणून तेच आठ पेंटॅकल्स स्वोर्ड्सच्या दोन पानांमध्ये पडलं तर सरळ असूनही कमजोर. कप्सच्या दोन पानांमध्ये पडलं तर त्याला आधार मिळतो.

टाळावं: "आज चक्कर येते, खाली उतरू का?" असं पाळीवर निघालेल्या माणसाने विचारलं तर गड्डी काढूच नका. त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा.