काळी काच बघून फसू नकोस

चि. मृणाल हिस,


तू पाठवलेला शेगडीचा फोटो पाहिला. विकणारा ‘इंडक्शन आहे’ म्हणतो, आणि काळी गुळगुळीत काच नि बटणं बघून तुलाही ते पटलंय. पण ताईने तुला दिलेला कुकर ॲल्युमिनियमचा आहे. घरगुती इंडक्शनवर तो तापणारच नाही. म्हणून पैसे देण्याआधी फोटो नीट बघू.

कॉइलची हॉटप्लेट ओळखायला सोपी. तिच्यावर काच नसते. खाचांत बसवलेली तारेची वेटोळी उघडी दिसतात, नाहीतर बिडाची जाड तबकडी असते. पुढे बहुधा फिरवायचं एक बटण आणि छोटा दिवा, बस्स.

खरी गफलत होते ती काचेच्या दोन शेगड्यांत, इंडक्शन आणि इन्फ्रारेडमध्ये. काचेवरच्या वर्तुळांवर जाऊ नकोस. भांडं कुठं ठेवायचं एवढंच ती सांगतात आणि दोन्हींवर छापलेली असतात. बटणांवर काय लिहिलंय ते वाच. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचं बूडच तापतं. म्हणून तिथे डोसा, दूध, प्रेशर कुकर अशी भांड्यातलीच कामं लिहिलेली असतात. इन्फ्रारेडमध्ये काचेखालची तार लाल होते आणि आच काचेतून वर येते. भांडं नसलं तरी ती येतच राहते, म्हणून जाळी ठेवून वांगं भाजता येतं. BBQ असं बटण दिसलं, तर ती शेगडी बहुधा इन्फ्रारेड समज. इंडक्शनवर असं जाळीवर भाजता येत नाही.

आता तुझा फोटो. गोल काच, भोवती स्टीलची चकचकीत कड, खाली बटणं. कड पाहून मला इन्फ्रारेडची शंका आली, पण कड हा पुरावा नव्हे. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा डावीकडून तिसरं बटण BBQ निघालं. म्हणजे ही बहुधा इन्फ्रारेड आहे. तसं असेल तर तुझा कुकर चालेल.

मात्र सगळ्याच इन्फ्रारेडवर ते बटण नसतं. ते नसेल किंवा खात्री करायची असेल, तर भांडं न ठेवता शेगडी अर्धा मिनिट चालू करून फोटो काढायला सांग. काचेखाली लाल कडं उजळलं तर इन्फ्रारेड. काच काळीच राहून शेगडी टीं-टीं करू लागली आणि E0 किंवा तसलीच काही खूण दिसली, तर इंडक्शन.

आणि एक. ही शेगडी बंद केल्यावर लाली लगेच जाते, पण काच बराच वेळ पोळते. त्यावर प्लॅस्टिकचा चमचा किंवा फडकं ठेवू नकोस.

तुझा,
मामा