चल सरासरी आणि बदललेलं माप: शेअरचे जुने भाव दुरुस्त कसे करायचे?



सरासरी हा घटक आपण वर्गात शिकवतो, तेव्हा एक अट मुलांकडून पक्की करून घेतो: सगळ्या संख्या एकाच मापात हव्यात. पाच मुलांच्या उंचीपैकी चार इंचांत आणि एक सेंटीमीटरमध्ये असेल, तर बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, तरीही उत्तर चूक. शेअरच्या भावांची सरासरी काढताना नेमकं हेच घडतं. फरक इतकाच, की तिथे माप मधेच बदललंय हे आकड्यांकडे बघून चटकन कळत नाही.

आपल्यापैकी बरेच जण आता बचतीचा काही भाग शेअरमध्ये ठेवतात. भावांची यादी शीटमध्ये आणतात, ५ दिवसांची किंवा २०० दिवसांची चल सरासरी काढतात आणि भाव तिच्या खाली गेला की विकायचं, असा नियम लावतात. जुने भाव दुरुस्त केलेले नसतील, तर हा नियम चुकीच्या दिवशी 'विका' म्हणतो, आणि त्यात खरे पैसे जातात. म्हणून आजचा पाठ या दुरुस्तीवर.

चल सरासरी म्हणजे काय?

५ दिवसांची चल सरासरी म्हणजे आजचा आणि मागचे चार असे पाच बंद भाव घेऊन काढलेली सरासरी. उद्या सर्वांत जुना भाव गळतो, नवा एक येतो. खिडकी एकेक घर पुढे सरकते, म्हणून ती 'चल'.

उदाहरण: ॲपलचं विभाजन

अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने २०२० मध्ये एका शेअरचे चार केले. ३१ ऑगस्ट २०२०, सोमवारी शेअर नव्या मापात व्यवहाराला आला. त्याआधीच्या आठवड्यातले प्रत्यक्ष बंद भाव डॉलरमध्ये असे होते:

२४ ऑगस्ट: ५०३.४३
२५ ऑगस्ट: ४९९.३०
२६ ऑगस्ट: ५०६.०९
२७ ऑगस्ट: ५००.०४
२८ ऑगस्ट: ४९९.२३

आणि सोमवारी, ३१ ऑगस्टला: १२९.०४

आता सोमवारची ५ दिवसांची सरासरी काढा. २५ ते २८ ऑगस्टचे चार भाव आणि सोमवारचा एक, बेरीज २१३३.७०, भागिले ५, उत्तर ४२६.७४. भाव १२९ आणि सरासरी ४२७! आपला नियम म्हणणार, 'भाव कोसळला, विका.' एका दिवसात ७४ टक्के घसरण दिसते.

प्रत्यक्षात काय झालं होतं? ज्याच्याकडे शुक्रवारी १०० शेअर होते, त्याचे ४९,९२३ डॉलर होते. सोमवारी त्याच्याकडे ४०० शेअर झाले, म्हणजे ५१,६१६ डॉलर. तो तर सुमारे ३.४ टक्के नफ्यात होता.

दुरुस्तीचा नियम

बघा, नियम एकाच वाक्यात सांगता येतो: दुरुस्तीनंतर दोन दिवसांच्या भावांतला टक्केवारीचा फरक, शेअर हातात असलेल्या माणसाला प्रत्यक्ष झालेल्या नफ्या-तोट्याइतकाच दिसला पाहिजे.

एकाचे चार झाले, म्हणून विभाजनाच्या दिवसाआधीचे सगळे भाव ४ ने भागायचे. त्या दिवसाचा आणि पुढचे भाव तसेच ठेवायचे. नव्या मापात हा दिवस पहिल्यांदा येतो, त्याला एक्स-डेट म्हणतात. एक्स-डेटचा भाव स्वतः भागायचा नाही, ही सीमारेषा नीट लक्षात ठेवा. एक घर चुकलं तर यादीत एक खोटी उडी शिल्लक राहतेच.

२५ ते २८ ऑगस्टचे चार भाव ४ ने भागल्यावर बेरीज ५०१.१६५ होते. त्यात १२९.०४ मिळवून ५ ने भागलं, की १२६.०४. आता भाव सरासरीच्या वर आहे. हेच खरं चित्र.

दुरुस्ती केलीच नाही तर चूक किती दिवस टिकते? ५ दिवसांच्या सरासरीत पाचव्या दिवशी शेवटचा जुना भाव गळतो आणि ४ सप्टेंबरला उत्तर आपोआप १२७.२९, म्हणजे बरोबर येतं. पण २०० दिवसांच्या सरासरीत हीच चूक व्यवहाराचे १९९ दिवस, म्हणजे जवळपास दहा महिने मुक्काम करते. आणि ती रोज थोडी थोडी कमी होत जाते, त्यामुळे आलेखावर ती खऱ्या उतारासारखीच दिसते.

आपल्याकडची भाषा थोडी वेगळी

आपल्या बाजारात विभाजन दर्शनी किंमतीवरून सांगतात. नेस्ले इंडियाच्या शेअरची दर्शनी किंमत १० रुपयांवरून १ रुपया झाली, एक्स-डेट ५ जानेवारी २०२४. म्हणजे आधीचे भाव १० ने भागायचे. बोनस शेअरमध्ये मात्र गफलत होते. १:१ बोनस म्हणजे हातातल्या एका शेअरवर एक *जादा*, एकूण दोन. म्हणून रिलायन्सच्या १:१ बोनसला, एक्स-डेट २८ ऑक्टोबर २०२४, आधीचे भाव २ ने भागायचे. २:१ बोनस असेल तर एकाचे तीन होतात, म्हणून ३ ने. अमेरिकेत 'चारास एक' म्हणतात तेव्हा चार हा एकूण आकडा असतो. आपला बोनसचा आकडा जादा शेअरचा असतो.

लाभांशाचं काय?

कंपनी लाभांश देते तेव्हा एक्स-डेटला भाव साधारण तेवढ्याने उतरतो, कारण ते पैसे कंपनीतून बाहेर पडून भागधारकाच्या खात्यात जाणार असतात. नेहमीचा लाभांश छोटा असतो. ॲपलने त्याच ऑगस्टमध्ये दिलेला लाभांश ०.८२ डॉलर होता आणि भाव साडेचारशेच्या वर, म्हणजे ०.२ टक्केसुद्धा नाही. पण कधी कधी विशेष लाभांश येतो आणि तो मोठा असतो.

मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ३ डॉलरचा विशेष आणि ०.०८ डॉलरचा नेहमीचा, असे मिळून ३.०८ डॉलर दिले. एक्स-डेट १५ नोव्हेंबर. आदल्या व्यवहाराच्या दिवशी बंद भाव २९.९७ होता, त्या दिवशी २७.३९. साध्या नजरेला ८.६ टक्के घसरण. दुरुस्तीचा गुणक असा काढायचा:

१ − (३.०८ ÷ २९.९७) = ०.८९७२

आधीचे सगळे भाव या गुणकाने गुणायचे. २९.९७ चे २६.८९ होतात, आणि तिथून २७.३९ म्हणजे सुमारे १.९ टक्के वाढ.

कोणी विचारेल, गुणायचं कशाला, सरळ ३.०८ वजा करूया की! करून बघा. मायक्रोसॉफ्टचा शेअर १९८६ मध्ये २१ डॉलरला बाजारात आला. नंतरच्या नऊ विभाजनांत त्या एका शेअरचे २८८ झाले, म्हणून आजच्या मापात तो भाव सुमारे ०.०७ डॉलर. त्यातून ३.०८ वजा केले तर भाव ऋण! गुणाकारात टक्केवारीचं नातं टिकतं, वजाबाकीत ते मोडतं.

शीटऐवजी प्रोग्राम असेल तर

यादी शेवटून सुरुवातीकडे वाचायची आणि गुणक सोबत घेऊन चालायचं:

```python
factor = 1.0
for i in range(len(close) - 1, -1, -1):
    adj[i] = close[i] * factor
    factor /= split[i]
    if i > 0:
        factor *= 1 - div[i] / close[i-1]
```

`split` मध्ये साध्या दिवशी १ आणि एक्स-डेटला ४ किंवा १० असा आकडा, `div` मध्ये साध्या दिवशी ० असतो. आधी त्या दिवसाचा भाव लिहिला जातो, गुणक नंतर बदलतो. म्हणून एक्स-डेट सुटते आणि तिच्या आधीचे दिवसच दुरुस्त होतात. विभाजन आणि लाभांश एकाच दिवशी आले, तर लाभांश जुन्या मापात आहे की नव्या, हे आधी तपासून घ्या.

चुका कुठे होतात आणि कशा ओळखायच्या?

पहिली चूक, दुहेरी दुरुस्ती. याहू फायनान्सच्या `Close` स्तंभातले भाव विभाजनासाठी आधीच दुरुस्त असतात, `Adj Close` मध्ये लाभांशही धरलेला असतो. ते पुन्हा ४ ने भागले तर उडी उलट्या बाजूला तयार होते. ओळखायला सोपा उपाय आहे: आपल्या यादीत २८ ऑगस्ट २०२० चा ॲपलचा भाव शोधा. ४९९.२३ असेल तर यादी कच्ची, १२४.८१ असेल तर विभाजन धरलेलं, आणि त्याहून थोडा कमी असेल तर लाभांशही धरलेला.

दुसरी चूक जास्त फसवी. प्रोग्राम रोज फक्त नवा भाव आणून जुन्या यादीखाली जोडतो. काल साठवलेली यादी कालच्या मापात बरोबर होती, पण आज विभाजन झालं की ती सगळी जुनी होते आणि नवा भाव नव्या मापात येऊन बसतो. म्हणून कच्चे भाव एका तक्त्यात आणि विभाजन-लाभांशाच्या तारखा दुसऱ्या तक्त्यात ठेवाव्यात, आणि दुरुस्त भाव दर वेळी नव्याने काढावेत. शिवाय एक पहारेकरी ठेवा: आजचा भाव कालच्या निम्मा, पाचवा किंवा दहावा हिस्सा दिसला, की हिशेब थांबवून कंपनीची घोषणा बघायची.

मर्यादाही सांगतो. दुरुस्त केलेला जुना भाव हा त्या दिवशी कोणी दिलेला भाव नसतो. '५०० च्या खाली गेला की घ्यायचा' असा ठोक रकमेचा नियम या भावांवर तपासता येत नाही. आणि बरेच आलेख फक्त विभाजन धरतात, लाभांश नाही. तुमची सरासरी त्यांच्याशी थोडी जुळली नाही तर लगेच चूक समजू नका. एकच पद्धत निवडा आणि भाव व सरासरी दोन्हींना तीच लावा.

सरावासाठी

एका शेअरचे सोमवार ते शुक्रवारचे बंद भाव १२००, १२२०, १२१०, ६१५, ६२० रुपये. गुरुवारी १:१ बोनसची एक्स-डेट. शुक्रवारची ५ दिवसांची सरासरी काढा.

उत्तर: कच्ची सरासरी ९७३, आणि ती खोटी. पहिले तीन भाव ६००, ६१०, ६०५ होतात, बेरीज ३०५०, खरी सरासरी ६१०. शुक्रवारचा भाव सरासरीच्या वर आहे.