रजेच्या अर्जात मनाच्या आजाराविषयी किती लिहावे?

मुरुममधील आपली एक भगिनी सरकारी कार्यालयात शिपाई आहे. नवरा गेल्यानंतर तिची झोप उडाली, कामात हात चालेना. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि २१ दिवस विश्रांती सांगितली. रजेचा अर्ज घेऊन ती आमच्याकडे आली. त्यात लिहिले होते, 'पोटदुखीमुळे'.

आम्ही तो बाजूला ठेवायला लावला. दाखला मनोविकारतज्ज्ञांचा आणि कारण पोटाचे, हे टेबलावर लगेच उघडे पडते. मग खऱ्या आजारावरही कोणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या वेळी तिने सगळेच लिहून काढले : रडू येते, जगावेसे वाटत नाही. ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी, आणि त्याच दिवशी. पण अर्ज साहेबांच्या आधी आवक लिपिकाच्या हातात पडतो, त्याचा विषय आवक नोंदवहीत उतरवला जातो आणि ती वही कोणीही चाळतो.

म्हणून विषयाची ओळच आधी ठरवली : 'वैद्यकीय कारणास्तव रजा मिळणेबाबत.' खाली मजकूर असा :

'महोदय, माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू असून डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला आहे. तरी ३ जून ते २३ जून अशी २१ दिवसांची परिवर्तित रजा मंजूर करावी, ही विनंती. वैद्यकीय दाखला बंद पाकिटात सोबत जोडला आहे.'

यात एकही शब्द खोटा नाही. पाकिटावर 'गोपनीय, फक्त कार्यालयप्रमुखांसाठी' असे लिहिले. परिवर्तित रजेला पूर्ण पगार मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस जातात. तिचे ४२ दिवस जाणार होते, म्हणून खात्यात तेवढे शिल्लक आहेत का ते आधी पाहिले.

अडचण दाखल्याची असते. शिक्क्यावरच 'मनोविकारतज्ज्ञ' असते, ते झाकता येत नाही. आजाराचे नाव किती उघड करायचे हे डॉक्टरांशी आधीच बोलावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टर-नर्सचे कर्तव्य आहे. मात्र हे बंधन आपल्या साहेबांवर नाही. दाखल्याच्या नमुन्यात आजाराचा रकाना असेल तर तो डॉक्टरांनी खराच भरायचा. दुसरा आजार लिहून मागू नये, डॉक्टरही अडकतात. पाकीट लागते ते यासाठीच.

साहेबांनी तोंडी विचारलेच, तर काय म्हणायचे याचा सरावही आम्ही केला : "साहेब, उपचार चालू आहेत, दाखला पाकिटात दिलाय." एवढेच. कोणी अंदाज बांधून "शुगर का?" म्हटले तर मान हलवायची नाही.

हजर होताना कामास योग्य असल्याचा दाखला लागतो. तो २३ तारखेलाच आणून ठेवला. २४ ला लिपिकाने विचारले, "काय झालं होतं?" ती म्हणाली, "आजारी होते, आता डॉक्टरांनी कामावर जा म्हटलंय," आणि हजेरीवर सही करून कामाला लागली.

(रात्री-अपरात्री मन फारच खचले तर टेली मानसचा मोफत क्रमांक १४४१६ लावावा.)