‘इंग’ने संपणारे शब्द

इंग्रजीत क्रियापदाला ‘इंग’ हा प्रत्यय लागला म्हणजे त्या शब्दास दोन प्रकारची कामे करता येतात. कधी तो क्रियेचे नाव होतो. तेव्हा त्यास धातुसाधित नाम म्हणतात. कधी तो चालू असलेली क्रिया दाखवितो. तेव्हा ते वर्तमानकालवाचक धातुसाधित होय. रूप एकच असल्याने केवळ शब्दाकडे पाहून प्रकार ठरत नाही. त्याचे वाक्यातील काम पाहावे लागते.

ही चार वाक्ये पाहा :

१. स्विमिंग मेक्स अस स्ट्राँग.
२. द स्विमिंग बॉय इज माय ब्रदर.
३. ही इज स्विमिंग.
४. हिज हॉबी इज स्विमिंग.

येथे मराठी उपयोगी पडते, कारण मराठीत ही रूपे वेगवेगळी आहेत. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘पोहणे आपणांस बळकट करते’ असा होतो. ‘पोहणे’ हे क्रियेचे नाव. म्हणून त्याखाली ‘ना’ लिहावे. दुसऱ्यात ‘पोहणारा मुलगा’ आणि तिसऱ्यात ‘तो पोहत आहे’ असा अर्थ आहे. दोन्ही ठिकाणी पोहण्याची क्रिया करणारा कोणी आहे; म्हणून तेथे ‘व’ लिहावे.

चौथ्या वाक्यात पुष्कळ जण फसतात. ‘इज’नंतर ‘स्विमिंग’ आले की ते तिसऱ्या वाक्यासारखेच वाटते. परंतु येथे पोहतो कोण? ‘त्याचा छंद पोहत आहे’ असे म्हणता येत नाही. छंदाचे नावच पोहणे आहे. म्हणून येथे ‘ना’.

हाच प्रश्न नामापूर्वी आलेल्या शब्दासही विचारावा. ‘वॉकिंग मॅन’ म्हणजे चालणारा माणूस. माणूस चालतो, म्हणून ‘व’. ‘वॉकिंग स्टिक’ म्हणजे चालताना आधारासाठी घ्यावयाची काठी. काठी स्वतः चालत नाही, म्हणून ‘ना’.

कधी कधी निर्णय पुढच्या क्रियापदावर अवलंबून असतो. ‘फ्लाइंग काइट्स इज फन’ यात ‘इज’ हे एकवचन आहे. पतंग अनेक असले तरी उडविणे ही क्रिया एकच, म्हणून ‘ना’. ‘फ्लाइंग काइट्स आर प्रिटी’ यात ‘आर’ हे अनेकवचन पतंगांस अनुसरते. सुंदर आहेत ते उडणारे पतंग, म्हणून ‘व’. पण ‘फ्लाइंग काइट्स कॅन बी डेंजरस’ यात ‘कॅन’ दोन्ही वचनांत सारखेच राहते. पतंग उडविणे धोक्याचे की उडणारे पतंग धोक्याचे, हे या एका वाक्यावरून ठरत नाही. अशा वेळी मागचापुढचा संदर्भ पाहावा.

स्वाध्याय

पुढील वाक्यांतील ‘इंग’ने संपणाऱ्या शब्दाखाली ‘ना’ किंवा ‘व’ लिहा व कारण सांगा.

१. शी लाइक्स सिंगिंग.
२. माय सिस्टर इज सिंगिंग.
३. द क्राइंग बेबी वॉन्ट्स मिल्क.
४. द ड्रिंकिंग वॉटर इज इन द पॉट.
५. हर वर्क इज टीचिंग.